डॉलर खिशात, सिम पाकिटात

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे. बोलीभाषा तशीच ठेवली आहे.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा परदेशी जाणारा माणूस दाखवायला लागायचा. कुणी निघालं की निम्मी सोसायटी गेटपर्यंत सोडायला यायची. आज आपल्याकडे वर्षभरात निदान आठ-दहा घरांतले आजी-आजोबा मुलांकडे जातात, काही जण टूरबरोबर जातात. गेटवरचा वॉचमनसुद्धा आता विचारत नाही की साहेब कुठे निघालात.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. त्यातली काही परकीय चलनाच्या टेबलावर. लोकांना प्रवासी धनादेश मीच सही करून दिले आहेत. त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं, अशी माझी समजूत होती. ती समजूत २०२३च्या मे महिन्यात युरोपातल्या एका विमानतळावर रात्री पावणेबाराला संपली. आज तीच गोष्ट सांगतो, आणि त्यानंतर काय बदललं तेही सांगतो.

आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला निघालो होतो. मध्ये युरोपात विमान बदलायचं होतं. मी तयारी चोख केली होती, म्हणजे तसं मला वाटत होतं. कमरेच्या पाकिटात आठशे डॉलर, शंभरशंभरच्या आठ नोटा. खिशात बँकेचं डेबिट कार्ड. आणि अमेरिकेचं सिमकार्ड, तेही इथूनच एका एजंटाकडून घेतलेलं. मुंबईच्या विमानतळावर बसून मी फोनमधलं आपलं सिम काढलं, अमेरिकेचं घातलं. आपलं सिम कागदात गुंडाळून पाकिटात ठेवलं. उतरल्या उतरल्या मुलीला फोन करता येईल, असा विचार.

विमान मुंबईहूनच सहा तास उशिरा सुटलं. युरोपात पोचलो तेव्हा पुढचं विमान निघून गेलं होतं. विमान कंपनीने सकाळच्या विमानाची तिकिटं दिली, जेवणाची कूपनं दिली. शहरात जायला व्हिसा नव्हता, म्हणून रात्र आतच काढायची. कूपनं घेऊन आम्ही निघालो तर उपाहारगृहांची शटरं खाली. कूपन चालणार सकाळी पाचनंतर.

आमच्या हिला मधुमेह आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पर्समधली बिस्किटं आणि राजगिऱ्याच्या वड्या मुंबईतल्या सहा तासांतच संपल्या होत्या. साडेअकराच्या सुमारास तिला घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरत होती. समोर काचेचं यंत्र, आत रसाचे डबे, चॉकलेटं, सगळं दिव्यात चमकतंय. यंत्र नोटा घेत नव्हतं, फक्त कार्ड. मी कार्ड टेकवलं, नाकारलं. आत सरकवलं, नाकारलं. माझ्या कमरेला आठशे डॉलर होते आणि मला दोन युरोचा रसाचा डबा मिळत नव्हता.

शेवटी मी समोरच्या बाकावरच्या कुटुंबाकडे गेलो आणि हात पुढे केला. हो, हातच पुढे केला. कुठल्या देशाचे होते देव जाणे, पण त्या बाईने काही न विचारता चॉकलेट दिलं. दहा-पंधरा मिनिटांनी हिचा चेहरा पहिल्यासारखा झाला. पण सकाळपर्यंतची सगळी रात्र पुढे होती आणि आमच्याकडे पैसे असून नव्हते, फोन असून नव्हता.

आता बँकेच्या माणसासारखा विचार करू, की नेमकं काय काय बिघडलं होतं.

कार्ड का चाललं नाही? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२०पासून नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त भारतात चालेल असंच आपल्या हातात येतं. परदेशातला वापर आपण स्वतः चालू करायचा असतो. नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय, जिला कॉन्टॅक्टलेस म्हणतात, तीही वेगळी चालू करावी लागते. माझं जुनं कार्ड आदल्या वर्षी बदलून आलं होतं. ही दोन्ही बटणं बंद होती. ग्राहकांना नियम सांगण्यात माझी उमर गेली, स्वतःच्या कार्डाचं बघायचं राहिलं.

मग बँकेच्या ॲपमध्ये जाऊन बटण चालू का केलं नाही? विमानतळाचं वायफाय फुकट होतं, ते मिळालं. ॲप उघडलं, तर ॲप म्हणालं की तुमचं सिम बदललंय. आपल्याकडची बरीचशी बँकेची ॲपं सिमशी बांधलेली असतात. सिम काढलं की ती पुन्हा पडताळणी मागतात आणि त्यासाठी फोनमधून एक एसएमएस बाहेर पाठवतात. म्हणजे आपलं सिम परत घालायला हवं.

ते घातलं तरी उपयोग होता का? नव्हता. परदेशात फोन चालण्यासाठी रोमिंग आधी चालू करावं लागतं, ते मी केलंच नव्हतं. अमेरिकेचं सिम आहे ना, मग रोमिंगचे पैसे कशाला घालवा, असा माझा हिशोब. आणि ते अमेरिकेचं सिम फक्त अमेरिकेत चालणारं. युरोपात ते प्लॅस्टिकचा तुकडा होतं.

म्हणजे कार्ड चालू करायला ओटीपी हवा, ओटीपी यायला सिम चालू हवं, सिमचं रोमिंग चालू करायला गेलं की त्या कंपनीच्या ॲपलाही ओटीपीच हवा. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालं.

या फासातून कसा सुटलो? व्हॉट्सॲप वायफायवर चालत होतं, त्याला तेव्हा सिम आत असायची गरज नव्हती. मी आपल्याच सोसायटीतल्या एका तरुण शेजाऱ्याला व्हॉट्सॲपवर फोन लावला. नाव घेऊ नका असं त्याने बजावलं आहे, म्हणून घेत नाही. भारतात तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते. चौथ्या रिंगला त्याने उचलला. पहिलं वाक्य, "काका, काकू बऱ्या आहेत ना?"

मी परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, "काका, रिचार्ज कुणीही कुणाचंही करू शकतं. त्याला तुमचा ओटीपी लागत नाही." त्याने स्वतःच्या फोनवरून माझ्या नंबरावर रोमिंगचा पॅक टाकला, ज्यात युरोप आणि अमेरिका दोन्ही होते. माझ्या कंपनीत पॅक टाकला की रोमिंग आपोआप चालू होतं. काही कंपन्यांत ते आणि पॅक या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे लक्षात ठेवा. मग मी सिमचा कप्पा उघडायला बसलो. ती बारीक पिन कुठे होती? घरी, खोक्यात. शेवटी हिच्या बांगडीतली सेफ्टी पिन कामी आली. आपलं सिम घातलं, फोनच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू केलं, फोन बंद करून पुन्हा लावला. दहाएक मिनिटांत नेटवर्क आलं. ॲपचा एसएमएस गेला, ओटीपी आला, कार्डाची दोन्ही बटणं चालू केली. मग त्या यंत्रातून रसाचे दोन डबे काढले आणि पाकीटभर बिस्किटं.

मंडळी, एवढ्या सगळ्यातून मला एकच गोष्ट कळली. परदेशी जाताना पैसे आणि फोन ही दोन वेगळी कामं नाहीत. आपल्या पैशांची किल्ली आता आपल्या भारतीय नंबरात आहे. तो नंबर परदेशात जिवंत नसेल तर खात्यात कितीही असो. म्हणून आधी तो नंबर, मग बाकीचं. यावर्षी पुन्हा गेलो तेव्हा कसं केलं, ते आता क्रमाने सांगतो.

निघायच्या पंधरा दिवस आधी मी फोन हातात घेतला. पहिला प्रश्न, यात दोन सिमं राहतात का? राहात असतील तर आपलं सिम मुळीच काढायचं नाही. दुसऱ्या जागेत परदेशातलं घालायचं. हल्ली बऱ्याच फोनमध्ये ई-सिमची सोय असते, म्हणजे कार्ड नाहीच, एक चौकोनी कोड स्कॅन केला की सिम फोनच्या आतच बसतं. आपल्या फोनला ते चालतं का हे बघायला डायल करायच्या ठिकाणी हे दाबा:

```
*#06#
```

पडद्यावर आयएमईआयच्या आकड्यांबरोबर EID असं लिहिलेला लांब क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिम बसतं.

इथे एक इशारा. मुलं प्रेमाने अमेरिकेतून आयफोन आणतात. आयफोन १४पासून पुढचे अमेरिकेत विकले जाणारे फोन सिमच्या कप्प्याशिवायच येतात. आपलं भारतीय कार्ड त्यात घालायला जागाच नसते. तो फोन वापरायचा तर भारतीय नंबरचंच ई-सिम करून घ्यावं लागतं, आणि ते इथे असतानाच. त्यातही शेवटच्या दिवशी नाही. सिम बदललं की सुरक्षेसाठी त्या नंबरावरचे एसएमएस चोवीस तास बंद ठेवतात. म्हणजे आज ई-सिम केलं आणि आज रात्रीच विमान असेल, तर वाटेत ओटीपी येणार नाही. हे काम आठवडाभर आधी उरका.

आणि ज्यांच्याकडे जुना बटणांचा फोन आहे, त्यांनी तो अमेरिकेत न्यायचा खटाटोप करू नये. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद करून टाकलं आहे. तो फोन तिथे घड्याळाचं काम करेल.

दुसरं काम, भारतीय नंबरचं रिचार्ज. मुलांकडे आपण चार-सहा महिने राहतो. इथला प्रीपेड नंबर मध्येच मुदत संपून पडून राहिला, आणि तीन महिने त्याचा काहीच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तो दुसऱ्या कुणाला दिलाही जातो. मग तुमच्या बँकेचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जातील, याची कल्पना करा. म्हणून निघण्याआधी वर्षभराचं रिचार्ज मारून ठेवतो. पोस्टपेड असेल तर बिल खात्यातून आपोआप जाईल असं करा.

तिसरं, रोमिंग. माझ्यासारखी कंजुषी करू नका, पण सहा महिन्यांचा महागडा पॅकही घेऊ नका. मी वाटेतल्या आणि पोचल्यानंतरच्या दिवसांपुरता छोटा पॅक घेतला. पॅकच्या यादीत जायचा देश आहे का एवढंच नाही, तर विमान बदलायचं तो देशही आहे का हे बघितलं. पॅक संपल्यावर रोमिंग नुसतं चालू ठेवलं, डेटा रोमिंग मात्र त्या सिमपुरतं बंद. असं ठेवलं की येणारे एसएमएस, म्हणजे ओटीपी, येत राहतात आणि साधारणपणे त्याचे पैसे पडत नाहीत. तरी आपल्या कंपनीला विचारून घ्या. पैसे पडतात ते आलेला फोन उचलला तर. पॅक नसताना इथून कुणी नेहमीच्या नंबरावर फोन केला तर उचलू नका, तोडा आणि व्हॉट्सॲपवर करा. नातेवाइकांना हे निघतानाच सांगून ठेवा. आमचे मेहुणे अजून विसरतात.

चौथं, परदेशातलं सिम. मुलाकडे लांबचा मुक्काम असेल तर बाहेरून काही विकत घेण्याआधी त्यालाच विचारा. अमेरिकेत कुटुंबाचा एकत्र प्लॅन असतो, त्यात एक नंबर वाढवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. आमच्या मुलीने ई-सिमचा कोड ईमेलवर पाठवला. तो मी घरच्या वायफायवर बसून स्कॅन केला, कारण स्कॅन करायला इंटरनेट लागतं आणि विमानतळावर ते मिळेलच असं नाही. कोड ज्या फोनमध्ये स्कॅन करायचा त्याच्या पडद्यावर नको, दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर हवा, हे आधी डोक्यात आलं नव्हतं. शेवटी हिच्या फोनवर उघडला. कोड बहुधा एकदाच चालतो. काही गडबड वाटली म्हणून ई-सिम डिलीट करू नका. नुसतं बंद करा, पुन्हा चालू करता येतं.

टूरबरोबर आठ-दहा दिवस जाणाऱ्यांना एवढं सगळं करायची गरज नाही. त्यांना भारतीय नंबरावरचा रोमिंग पॅक पुरतो.

आता पैसे. मी तीन ठिकाणी तीन प्रकारचे ठेवतो. थोड्या नोटा, फॉरेक्स कार्ड, आणि अडीअडचणीला डेबिट कार्ड.

नोटा किती? मुलाकडेच जायचं असेल तर दोघांत पाचशे डॉलर खूप झाले. नियमाने माणशी एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंत नोटा मिळतात, पण मिळतात म्हणून नेऊ नका. महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुटे मागा. मनी चेंजर शंभराच्या नोटा पुढे करतो, कारण त्याला त्या सोयीच्या. तिकडच्या दुकानात वीसपेक्षा मोठी नोट घेत नाही अशी पाटी असते. मी या खेपेला आधी फोन करून पाच, दहा आणि वीसच्या नोटा बाजूला काढायला सांगितल्या. आणि विमान जिथे बदलायचं होतं तिथले पन्नास युरोही घेतले. त्या रात्रीनंतर ते घेतल्याशिवाय मला झोप आली नसती.

नोटा घ्यायच्या बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडे. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट बरोबर न्या. एक फॉर्म भरून घेतात. पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रुपये असतील तर रोख चालत नाही, चेकने किंवा खात्यातून द्यावे लागतात. पावती जपून ठेवा.

दर कसा बघायचा? फलकावरचा दर आणि कमिशन यांच्या गोंधळात पडू नका. एकच प्रश्न विचारा. "पाचशे डॉलरच्या नोटांचे, सगळं धरून, मी किती रुपये द्यायचे?" त्याच दिवशी, साधारण त्याच वेळी दोन-तीन ठिकाणी विचारा. समजा शहरातल्या मनी चेंजरने ८६ रुपये ५० पैशांचा दर दिला, तर ४३,२५० रुपये झाले. त्यावर जीएसटी किती? लोकांना वाटतं अठरा टक्के. तसं नाही. एक लाख रुपयांपर्यंत, रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के. म्हणजे ४३२ रुपये ५० पैशांवर, सुमारे ७८ रुपये. कराने कुणी बुडत नाही. आता हेच पाचशे डॉलर शेवटच्या क्षणी विमानतळावर घेतले आणि तिथे दर ८९ रुपये ५० पैसे निघाला, तर दीड हजार रुपये जास्त गेले. दर मी उदाहरणासाठी धरले आहेत, रोज बदलतात. पण पैसे दरात जातात, करात नाही, हे कायम.

फॉरेक्स कार्डात आपण आधी डॉलर भरतो. ज्या दिवशी भरले त्या दिवसाचा दर लागतो आणि डॉलरमध्ये खर्च केला तर वेगळा अधिभार पडत नाही. मात्र डॉलरचं कार्ड युरोत वापरलं की बदलाचे पैसे कापतात. आणखी एक अडचण म्हणजे हे कार्ड भारतात चालत नाही, त्यामुळे इथे दुकानात वापरून बघता येत नाही. म्हणून त्याच्या ॲपमध्ये इथेच शिरून बघा, शिल्लक दिसते का, पिन लावला का, कॉन्टॅक्टलेस चालू आहे का. विमानात बसल्यावर यातलं काही होत नाही.

डेबिट कार्डाची परदेशातली बटणं चालू करायची, पण मर्यादा लहान ठेवायची. मी दिवसाला पंचवीस हजार ठेवली आहे. कार्ड रुपे असेल तर ते परदेशात चालणाऱ्या प्रकारचं आहे का, हे बँकेत विचारा. आणि इथे भाजीवाल्यालाही फोनवरून पैसे देतो, तसं तिकडे होईल यावर राहू नका. यूपीआय काही थोड्या देशांत, तेही ठराविक दुकानांत चालतं.

तिकडे कार्ड वापरताना एक सापळा असतो, तो सांगतो. मशीनच्या पडद्यावर प्रश्न येतो, पैसे USD मध्ये देता की INR मध्ये? आपल्याला रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडे जातं. तिथेच चुकतं. समजा साठ डॉलरचं बिल आहे आणि त्या दिवशी डॉलर ८५ रुपयांना आहे. डॉलर निवडले तर आपली बँक ५,१०० रुपये धरते. डेबिट कार्डावर साडेतीन टक्के अधिभार असेल तर १७८ रुपये ५० पैसे, त्यावर जीएसटी ३२ रुपये. सगळे मिळून ५,३११. रुपये निवडले तर दर ठरवतो तिकडचा मशीनवाला. त्याने ९१ लावला तर ५,४६० गेले. वर काही बँका अशा व्यवहारावरही आपलं शुल्क लावतात. म्हणून ज्या देशात उभे आहात त्या देशाचं चलन निवडायचं. एटीएमलाही हाच नियम. पोरीने बिल देताना मशीन माझ्यापुढे धरलं, तर मी बँकेतल्यासारखा चष्मा लावून वाचतो. ती हसते, हसू दे.

आता निघायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. एका कागदावर मी चार ओळी लिहितो आणि पासपोर्टच्या वेष्टनात ठेवतो. मुलीचा पत्ता आणि फोन नंबर. बँकेचा +91ने सुरू होणारा नंबर, कारण १८००ने सुरू होणारे फुकटचे नंबर बाहेरून लागत नाहीत. सिम कंपनीचा तसाच नंबर. आणि सोसायटीतल्या एका माणसाचा नंबर. अमेरिकेत इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत आणि अधिकारी पत्ता विचारतो. तेव्हा कागदच कामाला येतो. पिन मात्र त्या कागदावर लिहू नका. सिमची ती बारीक पिन पासपोर्टच्या वेष्टनाला चिकटपट्टीने चिकटवतो. आणि हिच्या पर्समध्ये ग्लुकोजची पावडर आणि बिस्किटं, प्रवासाच्या दुप्पट वेळ पुरतील इतकी.

परत आल्यावर उरलेले डॉलर कपाटात टाकून विसरू नका. दोन हजार डॉलरपर्यंत ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्यायचे. डेबिट कार्डाचं परदेशातलं बटण पुन्हा बंद करायचं. हे मी विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच करतो.

यावर्षी त्याच विमानतळावर पुन्हा दोन तास थांबलो. ते काचेचं यंत्र अजून तिथेच आहे. हिने मला काही न विचारता स्वतःचं कार्ड टेकवलं आणि रसाचा डबा काढला. तहान नव्हती. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "चालतंय का बघितलं."

मंडळी, हे सगळं ऐकून डोकं भणभणलं असेल, तर एकच करा. जायच्या दोन आठवडे आधी फोन, कार्ड आणि पासपोर्ट घेऊन संध्याकाळी आमच्याकडे या. चहा होईलच. अर्ध्या तासात बटणं बघून टाकू. आणि एवढं करूनही काही अडलं, तर रात्री सव्वातीनला फोन उचलणारा माणूस आपल्या सोसायटीत आहे. तो समोरच बसला आहे आणि हात जोडून खुणावतो आहे, की काका, आता पुरे.

म्हणून थांबतो.